विधवाविवाह, जात आणि स्त्रीशिक्षण : एकोणिसाव्या शतकातील हिंदू सुधारणा चळवळींविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धर्मेतिहासाच्या अभ्यासक्रमात हा भाग शिकवताना मुंबईच्या विद्यार्थ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. सर्व चळवळींचा आढावा घेण्यापेक्षा विधवाविवाहाचा एकच प्रश्न हाती धरला आहे. जात आणि शिक्षण हे दोन्ही विषय त्याच प्रश्नाच्या आत कसे गुंतलेले होते, हे त्यातून अधिक स्पष्ट दिसते.

विधवांच्या पुनर्विवाहाला सर्वच हिंदूंमध्ये बंदी होती का?

नव्हती, आणि या विषयाचा अभ्यास येथूनच सुरू करावा. महाराष्ट्रातील कुणबी, माळी, सुतार, कोळी अशा अनेक जातींत विधवेने दुसरा नवरा करण्याची रीत जुनी होती. तिला ‘पाट लावणे’ म्हणत. काही ठिकाणी ‘मोहोतूर’ हा शब्द वापरत. पेशवाईच्या काळात पाटावर ‘पाटदाम’ नावाचा कर घेतला जात असे. म्हणजे ही रीत लपूनछपून चाललेली नव्हती. सरकारी दप्तरालाही ती ठाऊक होती.

मात्र पाट म्हणजे लग्न नव्हे, ही जाणीव समाजात पक्की होती. पाटाचा विधी साधा असे, बहुधा रात्रीच्या वेळी उरकला जाई, आणि पहिल्या लग्नातले होम व सप्तपदी त्यात नसत. ‘लग्नाची बायको’ आणि ‘पाटाची बायको’ हा भेद बोलण्यात आणि वागण्यात राही, आणि मंगलकार्यात पाटाच्या बायकोला मागे ठेवले जाई.

ब्राह्मणांमध्ये, तसेच प्रभू, सोनार इत्यादी ज्या जाती स्वतःला द्विजांच्या पंक्तीत मानत त्यांच्यामध्ये पाट नव्हता. यातून एक गोष्ट घडत असे. एखाद्या जातीची किंवा जातीतल्या एखाद्या घराण्याची ऐपत वाढली की ती मंडळी आधी पाट बंद करत, कारण पाट न लावणे ही उच्चपणाची खूण होती. विधवेचे सक्तीचे वैधव्य हे असे जातीच्या प्रतिष्ठेचे माप झाले होते. ‘विधवाविवाह हा स्त्रियांचा प्रश्न आणि जातिभेद हा वेगळा प्रश्न’ अशी विभागणी करून लिहिलेली उत्तरे म्हणूनच अपुरी पडतात.

१८५६ च्या कायद्याने नेमके काय केले?

ईश्वरचंद्र विद्यासागर यांनी बंगालमध्ये केलेल्या प्रयत्नांतून १८५६ चा पंधरावा कायदा, म्हणजे हिंदू विधवा पुनर्विवाह कायदा, संमत झाला. विधवेचा विवाह केवळ ती विधवा आहे म्हणून बेकायदा ठरणार नाही आणि त्या विवाहाची संतती औरस मानली जाईल, हा त्याचा गाभा होता. पुनर्विवाह करा, असे तो कोणालाही सांगत नव्हता. जातीने बहिष्कार घातला तर त्यापासून संरक्षण देण्याची कोणतीही तरतूद त्यात नव्हती.

दुसरे कलम मात्र विद्यार्थी बहुधा वाचतच नाहीत. विधवेने पुनर्विवाह केला की मृत पतीच्या मिळकतीत तिला विधवा म्हणून जो हक्क होता तो, ‘ती त्या वेळी मरण पावली असती तर जसा संपला असता तसा’ संपेल, असा त्या कलमाचा आशय आहे. पतीने मृत्युपत्राने किंवा अन्य प्रकारे स्पष्ट परवानगी देऊन ठेवली असेल तर गोष्ट वेगळी. एरवी कायद्याने तिला दुसरे लग्न दिले आणि पहिल्या घरातला आधार काढून घेतला.

या कलमाचा परिणाम एखाद्या प्रत्यक्ष उदाहरणातून समजावून सांगता येईल का?

मुंबईतलेच उदाहरण आहे. रखमाबाईंचा खटला बहुतेकांना माहीत असतो, पण त्या खटल्याच्या मागे रखमाबाईंच्या आईची गोष्ट आहे आणि ती अधिक बोलकी आहे.

रखमाबाईंची आई जयंतीबाई ही सुतार जातीतली. पती जनार्दन पांडुरंग वारले तेव्हा मुलगी जेमतेम अडीच वर्षांची होती. काही वर्षांनी जयंतीबाईंनी मुंबईतील डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरा विवाह केला. जातीत पुनर्विवाहाची रीत असल्यामुळे या विवाहावर ब्राह्मणांतल्यासारखे वादळ उठले नाही. पण विवाह करण्यापूर्वी जयंतीबाईंनी मृत पतीकडून आलेली मिळकत मुलीच्या नावे करून दिली.

त्यांनी असे का केले, हे पायरीपायरीने पाहावे. जनार्दन यांना मुलगा नव्हता, त्यामुळे मिळकत विधवेकडे आली. विधवेचा हा हक्क मर्यादित असे. तिने हयातीपुरता उपभोग घ्यावा आणि तिच्या मागे मिळकत पतीच्या पुढच्या वारसाकडे जावी, असा हिंदू कायद्याचा नियम होता. पुनर्विवाह केला की कायद्याच्या दृष्टीने ती पहिल्या घरापुरती मृतच. त्या क्षणी पुढचा वारस उभा राहतो. मुलगा नसताना विधवेनंतरची वारस मुलगी, म्हणजे रखमा. तेव्हा आधीच मुलीच्या नावे करून दिल्याने भविष्यातला वाद टळला. तथापि सावत्र बापाच्या घरी वाढणारी एक लहान मुलगी त्यामुळे मिळकतीची मालकीण झाली.

वयाच्या अकराव्या वर्षी रखमाबाईंचा विवाह दादाजी भिकाजी यांच्याशी झाला, पण त्या नांदायला गेल्या नाहीत. १८८४ मध्ये दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. दादाजींचा डोळा आपल्या मिळकतीवर आहे, असे रखमाबाईंच्या बाजूने जाहीरपणे मांडले गेले. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. अपिलानंतर १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी ‘नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद भोगा’ असा निर्णय दिला. रखमाबाईंनी कैदेची तयारी दाखवली आणि १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली. बालविवाह, विधवेचा पुनर्विवाह आणि स्त्रीचा मालमत्तेवरील हक्क, ही तीन सूत्रे एकाच घरात कशी एकमेकांत अडकली होती, ते या प्रकरणात दिसते.

ज्या जातींत पाट आधीपासून होता, त्यांना हे दुसरे कलम लागू होते का?

यावर न्यायालयांचे एकमत नव्हते. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १८८९ मध्ये असे धरले की, ज्यांना पुनर्विवाह करता येत नव्हता त्यांच्यासाठी हा कायदा झाला. ज्या विधवेला जातीच्या रूढीनेच पुनर्विवाहाची मोकळीक होती, तिला या कायद्याची गरज नव्हती, म्हणून त्यातले कलम दाखवून तिची मिळकत काढून घेता येणार नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने विठू विरुद्ध गोविंदा या प्रकरणात १८९६ मध्ये उलट मत दिले. रूढीने पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचाही हक्क संपतो, असे ठरले.

माझ्या मते या निर्णयाकडे सुधारणेच्या इतिहासात फारच कमी लक्ष दिले गेले आहे. उच्चवर्णीय विधवेला वाट मोकळी करून देण्यासाठी झालेल्या कायद्याचा बोजा मुंबई इलाख्यात पाट लावणाऱ्या कुणबी, माळी घरांतल्या स्त्रीवर आला. ‘कायद्याने स्त्रियांना स्वातंत्र्य मिळाले’ असे सरसकट वाक्य लिहिण्यापूर्वी ‘कोणत्या जातीच्या स्त्रीला’ हा प्रश्न विचारावा.

सुधारक शास्त्राचा आधार का घेत होते? न्याय आणि माणुसकी यांवर भर का दिला नाही?

तो भरही दिला जात होता. लोकहितवादी म्हणजे गोपाळ हरी देशमुख यांनी १८४८ पासून मुंबईच्या ‘प्रभाकर’ पत्रात लिहिलेल्या शतपत्रांत रूढीवर सरळ विवेकाच्या भूमिकेतून टीका केली आहे. परंतु जातीचे निर्णय शास्त्री आणि धर्मपीठे देत, आणि सामान्य माणूस ‘हे शास्त्रात आहे का?’ एवढेच विचारी. त्यामुळे लढाई पोथीच्या मैदानावर आली.

विद्यासागरांनी पराशरस्मृतीतला एक श्लोक पुढे केला :

नष्टे मृते प्रव्रजिते क्लीबे च पतिते पतौ ।
पञ्चस्वापत्सु नारीणां पतिरन्यो विधीयते ॥

पती नाहीसा झाला, वारला, संन्यासी झाला, नपुंसक निघाला किंवा पतित झाला, तर या पाच आपत्तींत स्त्रीला दुसरा पती सांगितला आहे, असा सरळ अर्थ. शिवाय ‘कलौ पाराशराः स्मृताः’ या वचनाप्रमाणे कलियुगाची स्मृती पराशराचीच, म्हणून हा नियम आजच्यासाठी आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता.

विरोधकांचे उत्तर व्याकरणातून आले. ‘पति’ शब्दाची सप्तमी पाणिनीप्रमाणे ‘पत्यौ’ होते, ‘पतौ’ होत नाही. म्हणून येथे ‘पतिते अपतौ’ अशी फोड करावी. म्हणजे जो अजून पती झालेलाच नाही, केवळ वाङ्निश्चय झाला आहे, त्याच्याबद्दल हा श्लोक आहे, असे ते म्हणत. सुधारकांचे प्रत्युत्तर असे की स्मृतींत आर्ष, म्हणजे ऋषींच्या जुन्या भाषेतली पाणिनीच्या नियमाबाहेरची रूपे आढळतात आणि श्लोकाच्या दुसऱ्या ओळीतला ‘पतिरन्यः’ हा शब्द आधी एक पती होता असेच सांगतो. त्यावर विरोधक कलिवर्ज्य प्रकरण काढत. एकदा विवाह झालेल्या स्त्रीचा पुन्हा विवाह कलियुगात वर्ज्य सांगितला आहे, आणि पराशरस्मृतीचा भाष्यकार माधवाचार्य यानेही हा श्लोक अन्य युगासाठीच मानला आहे, असे ते दाखवून देत.

एका अक्षरावर आणि एका अवग्रहावर आठ-दहा वर्षांच्या विधवा मुलींचे आयुष्य तोलले जात होते. हे वाचताना आजही मन अस्वस्थ होते. मात्र शास्त्रार्थाच्या मार्गाला आतूनच एक मर्यादा होती, हेही ओळखले पाहिजे : शास्त्राचा अधिकार मान्य करूनच तो लढला जाई, त्यामुळे ज्यांना शास्त्र वाचण्याचाच अधिकार नाकारला होता त्यांना त्या सभेत जागा नव्हती.

मुंबईत पहिला विधवाविवाह केव्हा झाला आणि त्याचे काय परिणाम झाले?

‘इंदुप्रकाश’ पत्राचे मराठी संपादक विष्णुशास्त्री पंडित यांनी विद्यासागरांचा ग्रंथ मराठीत आणला आणि त्यांच्या पुढाकाराने मुंबईत विधवाविवाहोत्तेजक मंडळ स्थापन झाले. या मंडळाच्या प्रयत्नाने जून १८६९ मध्ये पांडुरंग विनायक करमरकर आणि वेणूबाई यांचा विवाह मुंबईत झाला.

त्यानंतर ग्रामण्य माजले. ग्रामण्य हा शब्द आज वापरात नाही. जातीच्या आचारावरून उठलेला वाद आणि त्यातून येणारा बहिष्कार, असा त्याचा अर्थ. ग्रामण्यात सापडलेल्या घरी भटजी श्राद्धाला येत नाही, पंक्तीला कोणी बोलावत नाही, उपवर मुलीला स्थळ मिळत नाही, घरात कोणी वारले तर खांदा द्यायला जातीतली माणसे येत नाहीत. विष्णुशास्त्री, महादेव गोविंद रानडे आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांवर शंकराचार्यांनी बहिष्कार घातला. १८७० मध्ये पुण्यात करवीरच्या शंकराचार्यांपुढे दोन्ही बाजूंचे पंच नेमून शास्त्रार्थ झाला आणि निकाल सुधारकांच्या विरुद्ध गेला. कायदा होऊन चौदा वर्षे झाली होती, तरी जातीच्या सभेत त्याला काडीची किंमत नव्हती.

१८७३ मध्ये रानड्यांची पहिली पत्नी वारली. त्यांनी विधवेशी विवाह करावा, अशी सहकाऱ्यांची अपेक्षा होती. वडिलांच्या आग्रहापुढे त्यांनी मान तुकवली आणि अकरा वर्षांच्या रमाबाईंशी विवाह केला. ही घटना सांगताना रानड्यांना केवळ दोष देऊन थांबू नये. एकत्र कुटुंब आणि वडिलांचा शब्द यांची पकड उच्च न्यायालयात बसण्याची योग्यता असलेल्या माणसावरही किती घट्ट होती, ते त्यातून कळते. विष्णुशास्त्र्यांनी पुढच्याच वर्षी स्वतः विधवेशी विवाह केला. १८७६ मध्ये ते वारले आणि चळवळीचा जोर ओसरला.

मुंबईच्या सुधारक संस्थांची जातीविषयी भूमिका काय होती?

१८४९ मध्ये दादोबा पांडुरंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत परमहंस मंडळी काढली. जातिभेद मोडणे हेच तिचे मुख्य उद्दिष्ट होते. सभासद होणाऱ्याने ख्रिस्ती माणसाने केलेला पाव सर्वांसमक्ष खावा, असा दंडक होता. आज गिरगावात बेकरीचा पाव घेऊन जाणाऱ्याला यातले धाडस कळणार नाही, पण त्या काळी त्या एका घासाने जात जाऊ शकत होती. मंडळीचे काम गुप्तपणे चाले. सभासदांच्या नावांची कागदपत्रे बाहेर गेली आणि १८६० च्या सुमारास मंडळी विखुरली. गुप्ततेत फोडलेली जात उघड्यावर टिकवण्याची तयारी बहुतेकांची नव्हती.

३१ मार्च १८६७ रोजी स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाने यावरून धडा घेतला. डॉक्टर आत्माराम पांडुरंग हे त्याचे पहिले अध्यक्ष, आणि दादोबांचे धाकटे बंधू. एकेश्वराची उपासना हे समाजाचे केंद्र, आणि जातिभेद, बालविवाह, सक्तीचे वैधव्य व स्त्रियांचे अज्ञान दूर करणे हे उद्देश. पण जात सोडण्याची अट सभासदत्वाला जोडली नाही. हिंदू समाजात राहूनच त्याला हळूहळू बदलायचे, हा रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा विचार होता. त्यामुळे समाज टिकला; गिरगावात त्याच्या मंदिरावरूनच त्या नाक्याला आजही ‘प्रार्थना समाज’ म्हणतात. मात्र त्यामुळेच जातीच्या प्रश्नावर त्याचा आवाज मऊ राहिला.

जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाची भूमिका मुळातच वेगळी होती. पुरोहिताशिवाय लग्न लावणे हा तेथे आचाराचा भाग झाला. फुल्यांनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेथे ब्राह्मण विधवा गुपचूप बाळंत होऊ शकत. त्यांतल्याच एका विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी व सावित्रीबाईंनी दत्तक घेतला. शास्त्राचा श्लोक शोधण्याची त्यांना गरज वाटली नाही. मुंबईत त्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये न्हाव्यांच्या सभेत विधवांचे केशवपन करणार नाही, असा निश्चय झाला. ज्या हातांत वस्तरा होता त्या जातीनेच नकार दिला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आर्य समाजाचे काय?

त्याची स्थापनाही मुंबईतच, १८७५ मध्ये, गिरगावात झाली. दयानंद सरस्वती जन्मावरून जात मानत नसत, गुणकर्मावरून वर्ण मानत. विधवांच्या बाबतीत मात्र ते सावध होते : द्विजांमध्ये अक्षतयोनी, म्हणजे पतीशी शरीरसंबंध न आलेल्या विधवेचा पुनर्विवाह त्यांना मान्य होता, इतर विधवांसाठी त्यांनी नियोगाची, म्हणजे पुनर्विवाह न करता नेमलेल्या पुरुषापासून संतती मिळवण्याची जुनी पद्धत सांगितली. पुढे आर्य समाजाच्या व्यवहारात विधवाविवाह रुळला, तो मुख्यतः पंजाबात.

सारख्या नावांमुळे गोंधळ होतो. तो कसा टाळावा?

विधवाविवाहाचे पुरस्कर्ते विष्णुशास्त्री पंडित, आणि १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू करून सुधारकांवर कठोर टीका करणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर, या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. विधवांसाठी शारदासदन काढणाऱ्या पंडिता रमाबाई आणि महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी रमाबाई रानडे यांचीही अशीच गल्लत होते. विधवाविवाहोत्तेजक या नावाच्या संस्थाही दोन : एक विष्णुशास्त्र्यांची, दुसरी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी काढलेली.

शिक्षणाचा आणि विधवाविवाहाचा संबंध नेमका कुठे येतो?

विवाह घडवून आणण्यात यश थोडे आले, म्हणून लक्ष शिक्षणाकडे वळले, असा साधारण क्रम दिसतो. विधवा घरी राहिली तर स्वयंपाक आणि धुणीभांडी करून दीराच्या, भावाच्या घरी दिवस काढणे एवढेच तिच्या हाती होते. लिहिता-वाचता येऊन तिला शिक्षिकेची नोकरी करता आली, तर पुनर्विवाह करायचा की नाही हे तिला स्वतः ठरवता येईल, हा विचार पंडिता रमाबाईंनी प्रत्यक्षात आणला. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी गिरगाव चौपाटीजवळ विधवांसाठी शारदासदन सुरू केले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नातू होत्या. सदन १८९० च्या अखेरीस पुण्याला हलले. रमाबाई ख्रिस्ती झालेल्या होत्या. विद्यार्थिनींवर त्या धर्माचा प्रभाव पडतो, या आरोपावरून १८९३ मध्ये रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले.

त्याच वर्षी, ११ मार्च रोजी, विधुर असलेल्या कर्व्यांनी गोदूबाईंशी विवाह केला. वधू सदनात शिकलेली, स्वतःच्या विचाराने तयार झालेली होती. १८६९ च्या विवाहापेक्षा हे वेगळेपण मोठे होते. तरीही कर्व्यांच्या मुरूड गावाने बहिष्कार घातलाच.

पुढचे पाऊल संस्थेच्या नावात दिसते. १८९५ मध्ये कर्व्यांनी ‘विधवाविवाहोत्तेजक मंडळी’ हे नाव बदलून ‘विधवाविवाहप्रतिबंधनिवारक मंडळी’ केले. ‘उत्तेजन’ गेले, ‘प्रतिबंध दूर करणे’ आले. आम्ही विधवांची लग्ने लावायला निघालो नाही, ज्यांना करायची आहेत त्यांची अडवणूक होऊ नये एवढेच पाहतो, असा त्याचा आशय होता. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला तेव्हा तो पुनर्विवाहाच्या कामापासून कटाक्षाने वेगळा ठेवला, कारण लग्नाचा संशय आला असता तर एकाही बापाने आपली विधवा मुलगी तेथे शिकायला धाडली नसती.

या सगळ्यात स्त्रियांचे स्वतःचे शब्द कुठे सापडतात?

फार थोडे, पण आहेत. सुरतेच्या विजयलक्ष्मी या ब्राह्मण विधवेला बालहत्येसाठी १८८१ मध्ये फाशीची शिक्षा झाली, ती पुढे कमी करण्यात आली. वर्तमानपत्रांतून स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले गेले, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून उत्तर दिले. ताराबाई मराठा घराण्यातल्या होत्या, जेथे पाट लावणे कमीपणाचे मानले जाऊ लागले होते. स्त्रीवर दोष ठेवणाऱ्या पुरुषांनी स्वतःचे वर्तन आधी तपासावे, हा त्यांचा सरळ सवाल आहे. रखमाबाईंनी १८८५ मध्ये ‘एक हिंदू स्त्री’ या नावाने ‘टाइम्स ऑफ इंडिया’त पत्रे लिहिली. एक बालविवाहावर होते, दुसरे सक्तीच्या वैधव्यावर. वैधव्यावर लिहिताना, दुसरे लग्न करण्याआधी मिळकत मुलीच्या नावे करून देणारी आई त्यांच्या घरातच होती.